दीड तासाचं गणित आणि पहाटेची गुंगी

*नमस्कार डॉक्टर. नोकरी सांभाळून परीक्षेचा अभ्यास करतो. झोप दीड-दीड तासाच्या चक्रांत येते असं वाचलं, म्हणून साडेअकराला आडवा होतो आणि बरोबर साडेचार तासांनी, पहाटे चारचा गजर लावतो. तरी उठल्यावर पाऊण तास डोकं चालत नाही. एकच पान तीनदा वाचतो. कधी कधी तर गजर कधी बंद केला तेही आठवत नाही. संध्याकाळी सातला घरी आल्यावर तासभर झोपतो, तर उठल्यावर आणखीच वाईट वाटतं. उलट दहा मिनिटं डुलकी लागली तर एकदम तरतरी येते. जास्त झोपून वाईट आणि कमी झोपून बरं, हे कसं? माझ्यात काही दोष आहे का?*

दोष असावा असं पत्रावरून तरी वाटत नाही. तुम्ही जे वर्णन केलंय त्याला झोपेच्या अभ्यासात ‘स्लीप इनर्शिया’ म्हणतात. साध्या शब्दांत सांगायचं तर जागं झाल्यावरही मागे रेंगाळणारी झोपेची गुंगी. ती कमी-अधिक प्रमाणात प्रत्येकाला येते. तुमच्या बाबतीत ती तीव्र आहे आणि त्याची कारणं तुमच्या वेळापत्रकातच दिसतात. त्यातलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ज्या गणितावर तुम्ही गजर लावता, ते गणितच कच्चं आहे.

झोप मोजतात कशी, ते आधी सांगतो. तपासणीच्या खोलीत माणसाच्या डोक्यावर, डोळ्यांच्या बाजूला आणि हनुवटीवर छोटे इलेक्ट्रोड चिकटवतात. रात्रभर मेंदूतल्या विद्युतलहरी, डोळ्यांची हालचाल आणि स्नायूंचा ताण यांची नोंद होत राहते. सकाळी त्या नोंदीचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याला झोपेचा कोणता टप्पा तो शिक्का बसतो. हे सगळं जोडलं की जिन्यासारखा वर-खाली जाणारा आलेख तयार होतो.

आडवं होऊन डोळा लागला की काही मिनिटं पहिला टप्पा असतो, इतका हलका की त्यातून उठवलं तर माणूस ‘मी कुठे झोपलो होतो?’ म्हणतो. मग दुसरा टप्पा येतो. आपली जवळपास निम्मी रात्र याच टप्प्यात जाते. त्यानंतर तिसरा, म्हणजे गाढ झोप. यात मेंदूच्या बाह्यपटलातल्या असंख्य पेशी एका तालात गप्प होतात आणि पुन्हा एका तालात जाग्या होतात, सेकंदाला साधारण एकदा किंवा त्याहूनही संथपणे. आलेखावर मोठमोठ्या, आळसावलेल्या लाटा दिसतात. बाहेरचा आवाज मेंदूच्या खोल भागातच अडतो, वर पोचत नाही. यातून वर येऊन माणूस स्वप्नांच्या झोपेत शिरतो. डोळे मिटलेले, पण पापण्यांखाली बुबुळं झरझर फिरतात. ही झोप १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नथॅनियल क्लाइटमन यांनी नोंदवली आणि तिला ‘रेम’ म्हणतात. रेम संपली की एक चक्र पुरं होतं आणि माणूस पुन्हा दुसऱ्या टप्प्यातून खाली उतरायला लागतो.

चक्राला नव्वद मिनिटं लागतात हे चूक नाही, पण ती सरासरी आहे. एकाच माणसाची एकाच रात्रीतली चक्रं कधी सत्तर मिनिटांची निघतात, कधी एकशेवीसची. पहिलं चक्र बहुतेक वेळा आखूड असतं. शिवाय सगळी चक्रं एका साच्याची नसतात. गाढ झोपेचा मोठा हिस्सा रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात उरकतो आणि पहाटेकडे जावं तशी रेम लांबत जाते. म्हणजे दीड तासाच्या पटीत गजर लावून आपण चक्राच्या शेवटी उठतो असं मानायचं, तर प्रत्येक चक्र घड्याळ लावल्यासारखं नव्वद मिनिटांचं हवं आणि उशीला डोकं टेकताच झोप लागायला हवी. दोन्ही होत नाही.

तुमचीच एक रात्र कागदावर मांडून बघू. आकडे नमुन्याचे आहेत, पण अशी रात्र आलेखावर अगदी नेहमी दिसते. साडेअकराला तुम्ही आडवे झालात आणि पावणेबाराला झोप लागली. सव्वाबाराच्या आत गाढ झोपेत गेलात आणि पाऊण तास तिथेच राहिलात. थोडीशी रेम होऊन एकला पहिलं चक्र संपलं, पंचाहत्तर मिनिटांत. दुसरं चक्र लांबलं आणि पावणेतीनला संपलं. गणिताप्रमाणे ते अडीचला संपायला हवं होतं. तिसऱ्यात पुन्हा दुसऱ्या टप्प्यातून खाली उतरणं सुरू झालं, साडेतीनच्या सुमाराला गाढ झोप लागली. ज्याची झोप पुरी झालेली असते त्याच्या तिसऱ्या चक्रात गाढ झोप थोडीच उरते. तुमची रोजची झोप कमी पडतेय, त्यामुळे मेंदू मिळेल त्या चक्रात ती भरून काढायला बघतो. चार वाजता गजर झाला तेव्हा कागदावर तुमचं तिसरं चक्र संपलेलं होतं. प्रत्यक्षात तुम्ही त्या चक्राच्या तळाशी होतात.

उद्या हीच रात्र दहा-वीस मिनिटांनी वेगळी पडेल आणि तुम्ही योगायोगाने हलक्या झोपेतून उठाल. अशा एखाद्या दिवशी ‘गणित जमलं’ असं वाटतं आणि विश्वास वाढतो. मनगटावरच्या घड्याळांचंही थोडंफार असंच आहे. ती हालचाल आणि नाडीचे ठोके यावरून टप्प्याचा अंदाज बांधतात, मेंदूच्या लहरी त्यांना दिसत नाहीत. तुम्ही किती वाजता झोपलात आणि किती वाजता उठलात हे ती बऱ्यापैकी सांगतात, पण अमुक मिनिटाला गाढ झोप होती यावर फार भिस्त ठेवू नका.

आता तळाशी असताना गजर झाला तर नेमकं काय होतं ते बघू. जागं होणं ही एका क्षणात उरकणारी गोष्ट आहे असं आपण धरून चालतो. मेंदू मात्र टप्प्याटप्प्याने जागा होतो. मेंदूच्या बुंध्याशी असलेला भाग, जो जाग, श्वास आणि हृदयाची गती सांभाळतो, तो लगेच कामाला लागतो. त्याच्यावरचा थॅलॅमस, म्हणजे कानाडोळ्यांकडून आलेल्या संदेशांची वाटणी करणारा भाग, तोही लवकर सावरतो. कपाळामागचा भाग मात्र मागे राहतो. लक्ष टिकवणं, दोन गोष्टी एकदम डोक्यात धरणं, चूक पकडणं, निर्णय घेणं, हे सगळं त्याच्याकडे असतं. जागं झाल्याबरोबर मेंदूचा रक्तपुरवठा मोजणाऱ्या चाचण्यांत दिसलंय की या भागाचा पुरवठा पूर्वपदावर यायला पंधरा-वीस मिनिटं किंवा जास्तही लागतात. त्या वेळेत विद्युतलहरींमध्येही संथ लाटांचे अवशेष सापडतात. कचेरीचा पहारेकरी दार उघडून बसलाय, दिवे लागलेत, पण साहेब अजून यायचेत, अशी अवस्था.

म्हणून तुम्ही उठता, चालता, गजर बंद करता, डोळे पानावरून फिरतात. पान मात्र डोक्यात शिरत नाही, कारण ते धरून ठेवणारा भाग अजून रुळलेला नसतो. गजर बंद केल्याचं न आठवण्याचं कारण थोडं वेगळं आहे. काही सेकंदांची जाग येऊन माणूस पुन्हा झोपला, तर जाग आल्याची आठवण पक्की व्हायला वेळच मिळत नाही. आपण सगळेच रात्रीतून अनेकदा क्षणभर जागे होतो, कूस बदलतो, पांघरूण ओढतो, आणि सकाळी त्यातलं काही आठवत नाही. तुमच्या गजराचंही तसंच होतं. यात वेंधळेपणा नाही आणि विसरभोळेपणाही नाही.

ही गुंगी किती खोल असू शकते याची कल्पना यावी म्हणून एक प्रयोग सांगतो. २००६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी निरोगी माणसांना आठ तास झोपू दिलं आणि उठल्या उठल्या बेरजा करायला दिल्या. मग त्याच माणसांना सव्वीस तास जागं ठेवून तशाच बेरजा दिल्या. उठल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतली कामगिरी अख्खी रात्र जागून काढल्यानंतरच्या कामगिरीपेक्षाही खराब होती. लक्षात घ्या, ही माणसं पुरेशी झोपलेली होती. सर्वसाधारणपणे पहिली पंधरा ते तीस मिनिटं जड जातात आणि मग धुकं विरत जातं. झोप कमी झालेली असेल तर ते तासभर किंवा जास्तही रेंगाळतं.

पण गाढ झोपेतून उठणं हे एकच कारण धरून बसलात तर उपाय चुकेल. आणखी दोन गोष्टी या गुंगीत भर घालतात, आणि माझ्या मते तुमच्यासाठी त्याच जास्त महत्त्वाच्या आहेत.

पहिली म्हणजे थकबाकी. आपण जागे असतो तेवढा वेळ मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढवतं. झोपेत ते उतरतं. झोप अर्ध्यावर तोडली तर ते पुरतं उतरलेलं नसतं, आणि त्यामुळे जाग आल्यावरही मेंदू झोपेकडे ओढला जातो. चहा-कॉफीतलं कॅफिन अॅडेनोसिनला त्याच्या जागी बसू देत नाही, म्हणून तरतरी वाटते. साचलेलं अॅडेनोसिन त्याने नाहीसं होत नाही, फक्त त्याचा निरोप अडतो.

दुसरी गोष्ट शरीराच्या घड्याळाची. चोवीस तासांत शरीराचं तापमान एका तालात चढतं-उतरतं. नेहमी आपोआप जाग येते त्या वेळेच्या साधारण दोन-तीन तास आधी ते सगळ्यात खाली असतं आणि त्याच वेळी झोपेची ओढ शिगेला असते. सुट्टीच्या दिवशी गजर नसताना तुम्ही साडेसहा-सातला उठत असाल, तर चार ही वेळ नेमकी त्या तळाजवळ येते. म्हणजे तुमच्या वेळापत्रकात गाढ झोपेची शक्यता, थकबाकी आणि घड्याळाचा तळ हे तिन्ही एकाच ठिकाणी येऊन पडलेत. गजर वीस मिनिटं पुढेमागे सरकवला तर तिघांपैकी एकाच गोष्टीवर, तीही नशिबाने, परिणाम होईल. म्हणून ‘मग बरोबर किती तासांचा गजर लावू?’ या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून मिळणार नाही.

संध्याकाळच्या झोपेचं कोडं आता सोपं आहे. दहा मिनिटांत तुम्ही पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यापर्यंतच पोचता. थकबाकीची धार थोडी बोथट होते आणि गाढ झोप सुरू व्हायच्या आत तुम्ही बाहेर असता. तासभर झोपलात की वीस-तीस मिनिटांत गाढ झोप लागते, तुमच्यासारख्या थकलेल्या माणसाला त्याहूनही लवकर. तास पुरा होतो तेव्हा तुम्ही तिच्या ऐन मध्यावर असता. २००६ सालीच प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात रात्री जेमतेम पाच तास झोपलेल्या तरुणांना दुपारी पाच, दहा, वीस आणि तीस मिनिटं झोपवून पाहिलं होतं. दहा मिनिटंवाल्यांना उठल्याबरोबर फायदा झाला आणि तो अडीच तासांपर्यंत टिकला. तीस मिनिटंवाल्यांना आधी गुंगी आली, फायदा नंतर दिसला. तेव्हा तासाची झोप वाया जाते असं समजू नका, तिचा फायदा फक्त उशिरा हाती येतो. तुमची खरी अडचण वेगळी आहे. सात ते आठ झोपून तुम्ही गाढ झोपेचा एक हप्ता संध्याकाळीच उचलता, मग रात्री झोपेची ओढ कमी पडते आणि साडेअकराच्या आत डोळा लागत नाही. साडेअकरा ही वेळ तुम्ही ठरवली आहे की त्या तासाने, हे एकदा तपासून पाहा.

मी तुमच्या जागी असतो तर संध्याकाळचा तास सोडून दिला असता. घरी आल्यावर वीस मिनिटांचा गजर लावून पडायचं, म्हणजे झोप लागायची पाच-सात मिनिटं धरून प्रत्यक्ष झोप बारा-पंधरा मिनिटांची होते. गजर हाताच्या अंतरावर नको, उठून जावं लागेल असा ठेवा. कॉफी पिऊन लगेच डुलकी काढण्याची एक युक्ती आहे. कॅफिनचा अंमल यायला साधारण अर्धा तास लागतो, त्यामुळे जाग येते तेव्हा तो सुरू होत असतो. दुपारी ती छान चालते. सातला नको, कारण कॅफिनचा अर्धा भाग उतरायलाच पाच-एक तास जातात आणि रात्रीची झोप मागे ढकलली जाते.

रात्री दहाला आडवं व्हा आणि पाचला उठा. आज तुमचे अंथरुणातले रात्रीचे साडेचार आणि संध्याकाळचा एक मिळून साडेपाच तास होतात. नव्या वेळापत्रकात ते सात होतील, वर डुलकी. अभ्यासाचा पहाटेचा एक तास जाईल हे उघड आहे, पण त्यातला पाऊण तास आजही पानाकडे बघण्यातच जातोय. रात्रीचाही काही वेळ जाईल, त्यातला थोडा संध्याकाळच्या वाचलेल्या तासातून परत मिळेल. सगळं धरून काही वेळ खरोखर कमी होईल, ते मी लपवत नाही. त्याच्या बदल्यात पहाटेकडची रेम आणि दुसऱ्या टप्प्याची झोप परत मिळते, जी आज गजर रोज कापून टाकतो. दिवसभर वाचलेलं डोक्यात बसवण्याचं बरंच काम झोपेतच होतं, त्यामुळे हा सौदा मला तोट्याचा वाटत नाही.

एका झटक्यात साडेअकरावरून दहावर येऊ नका, झोप लागणार नाही आणि तुम्ही वैतागून सोडून द्याल. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं अलीकडे सरका. उठल्यावर लगेच भरपूर प्रकाशात बसा. त्याने त्या क्षणीची गुंगी पळून जाईल अशी आशा धरू नका, पण रोजच्या पहाटेच्या प्रकाशाने शरीराचं घड्याळ हळूहळू अलीकडे येतं आणि तापमानाचा तळ तुमच्या गजरापासून लांब सरकतो. चहा-कॉफी घेत असाल तर उठल्याबरोबर घ्या. पहिल्या वीस मिनिटांत नवीन धडा उघडू नका. तोंड धुणं, आवरणं, कालच्या टिपणांवरून नुसती नजर फिरवणं, एवढंच त्या वेळेत बसतं. गजर पाच-पाच मिनिटांनी पुढे ढकलायची सवय असेल तर ती मोडा, कारण त्या तुकड्यांत विश्रांती मिळत नाही आणि पुन्हा झोपेत घसरून गुंगी नव्याने सुरू होण्याचा धोका असतो. आणि उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत दुचाकी किंवा गाडी काढायची वेळ येत असेल तर ती टाळाच.

पहिल्या सुट्टीला दहा तास झोपून उठलात आणि आणखी जड वाटलं, तर घाबरू नका. थकबाकी वसूल होताना गाढ झोप आधी वाढते, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस असे जातात. दोन-तीन आठवडे रात्री सात तास किंवा जास्त झोप मिळूनही पहाटेची गुंगी तासाहून जास्त टिकत असेल, तर मात्र कारण दुसरीकडे शोधावं लागेल. घरच्यांना विचारा, तुम्ही जोरात घोरता का, घोरता घोरता श्वास थांबून मग धाप लागल्यासारखा सुरू होतो का. सकाळी डोकं दुखतं का, दिवसा बसल्या बसल्या झोप लागते का, हेही पाहा. ही झोपेत श्वास अडण्याची लक्षणं आहेत, रात्रभराच्या तपासणीत ती पकडता येतात आणि त्यावर उपचार आहेत. सर्दी-अॅलर्जीच्या काही जुन्या गोळ्या आणि झोपेची औषधंही सकाळपर्यंत अंमल ठेवतात, तेव्हा असं काही घेत असाल तर नाव लिहून डॉक्टरांना दाखवा. आणि आठ-नऊ तास झोपूनही रोज सकाळी तासन्‌तास नशेत असल्यासारखं वाटत असेल, गजर दोन-दोन लावूनही उठता येत नसेल, तर थेट झोपेच्या तज्ज्ञाकडे जा. जाताना दोन आठवड्यांची वही घेऊन जा. अंथरुणात गेल्याची वेळ, अंदाजे झोप लागल्याची वेळ, उठल्याची वेळ, डुलक्या, चहा-कॉफी आणि डोकं नीट चालू झालं ती वेळ, एवढं त्यात असलं की निम्मी तपासणी तिथेच होते.